डक्ट आणि केबल ट्रे एकमेकांच्या वाटेत आल्यावर कंत्राटदाराच्या आरएफआयला उत्तर कसे द्यावे

डिझाइन ऑफिसात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्याच्या हाती पहिल्या काही महिन्यांतच कंत्राटदाराचा आरएफआय, म्हणजे माहिती मागणारे लेखी पत्र, येऊन पडतो. बहुतेक वेळा त्याचा विषय एकच असतो, की कॉरिडॉरच्या छतात वातानुकूलनाची डक्ट आणि विजेची केबल ट्रे एकाच उंचीवर येत आहेत आणि पुढे काय करायचे ते कळवावे. मी अशा पहिल्या पत्राला ‘साइटवर समन्वय साधून घ्यावा’ असे एका ओळीचे उत्तर दिले होते. ते वाचून दोन्ही उपकंत्राटदारांनी आपापले काम आपापल्या सोयीने उरकले, आणि महिनाभराने ट्रेचा साठ फूट भाग उतरवून पुन्हा बांधावा लागला. ती चूक माझी होती, कारण मला उंची विचारली होती आणि मी उंची दिली नव्हती. त्या अनुभवानंतर मी कोणत्या क्रमाने उत्तर तयार करू लागलो, ते लोअर परळमधल्या एका कार्यालयीन इमारतीच्या सातव्या मजल्यावरील प्रकरणाच्या आधारे येथे मांडतो. प्रत्यक्ष पत्रव्यवहार इंग्रजीत होत असला, तरी त्यामागचा विचार मराठीत नीट मांडता आला, तर इंग्रजी उत्तर आपोआप नेमके होते.

आधी प्रश्न काय आहे ते ठरवा

या प्रकरणात कॉरिडॉर २,४०० मिमी रुंद होता आणि त्याच्या लांबीने ४५० मिमी रुंद, ७५ मिमी खोल अशी केबल ट्रे जात होती. एएचयू, म्हणजे हवा गार करून डक्टमध्ये ढकलणाऱ्या यंत्राच्या, खोलीतून निघालेली १,००० × ४०० मिमी मापाची डक्ट कॉरिडॉर आडवा ओलांडून कार्यालयाच्या भागात शिरत होती. कंत्राटदाराने लिहिले होते की ट्रे सरळ डक्टच्या पोटातून जाते, म्हणून डक्ट १,६०० × २५० मिमी अशी चपटी करून ट्रे तिच्याखालून न्यावी आणि त्यास मान्यता द्यावी. सोबत मोबाइलवर काढलेले दोन फोटो आणि लेसरने घेतलेली काही मापे होती.

अशा पत्रात दोन गोष्टी एकत्र गुंतलेल्या असतात, त्या प्रथम वेगळ्या करून घ्याव्यात. एक असते अडचणीची नोंद आणि दुसरी असते कंत्राटदाराने सुचवलेली वाट. अडचण खरी असली म्हणून सुचवलेली वाटही योग्यच असते असे नाही. आपले उत्तर पहिल्या गोष्टीला बांधील असते. दुसऱ्या गोष्टीचा विचार करून ती स्वीकारली की नाकारली, आणि का, एवढे स्पष्ट सांगणे हे आपले काम असते. ‘आपला प्रस्ताव तपासला जाईल’ असे लिहून ठेवले, तर साइटवर त्याचा अर्थ होकार असाच घेतला जातो.

मापे कुठून घेतली आहेत ते विचारा

ही पायरी सर्वांत अधिक वेळा वगळली जाते आणि सर्वांत अधिक घोटाळा हिच्यातूनच होतो. आमच्या ड्रॉइंगवरील सर्व उंची तयार फरशीच्या पातळीपासून, म्हणजे एफएफएलपासून, दिलेली होती. साइटवर मात्र फरशी अजून बसलेली नव्हती आणि लेसर उघड्या स्लॅबवर ठेवून मापे घेतली होती. या दोन पातळ्यांमध्ये ७५ मिमीचा फरक होता, कारण कोबा आणि फरशी मिळून तेवढी जाडी धरलेली होती.

मजल्यापासून मजल्यापर्यंतची उंची ४,००० मिमी, बीमची एकूण खोली ६०० आणि स्लॅबची जाडी १५० मिमी होती. ४,००० मधून फरशीचे ७५ आणि बीमचे ६०० वजा केले, की बीमचा तळ एफएफएलपासून ३,३२५ मिमीवर येतो. कंत्राटदाराने बीमचा तळ ३,३८५ मिमी नोंदवला होता आणि त्यावरून ‘ड्रॉइंगपेक्षा ६० मिमी जागा जास्त मिळते’ असा निष्कर्ष काढला होता. त्या मापातून ७५ वजा केल्यावर ३,३१० उरतात, म्हणजे शटरिंग थोडे बसल्यामुळे जागा प्रत्यक्षात १५ मिमीने कमी झालेली होती. जास्त ६० आणि कमी १५ या दोन समजुतींवर उभी राहणारी उत्तरे अगदी निराळी असतात. म्हणून माप कोणत्या पातळीपासून घेतले हे पत्रात लिहिलेले नसेल, तर आधी फोन करून विचारावे आणि फोनवर मिळालेली माहिती उत्तरात लेखी नोंदवावी.

शक्य असेल तर स्वतः जाऊन पाहावे. अंधेरीच्या ऑफिसातून लोअर परळला जाऊन येण्यात अर्धा दिवस जातो, हे खरे आहे, पण शिडीवर चढून डोके बीमच्या पातळीला नेल्यावर दिसते ते फोटोत दिसत नाही. त्या दिवशी मला दिसले, की ज्या दोन बीमच्या मध्ये ही डक्ट आडवी जाते, त्यांच्यामधली जागा वर स्लॅबपर्यंत पूर्ण मोकळी आहे. तिथे ना स्प्रिंकलरची पाइप होती ना ड्रेनेजची. उत्तर त्या मोकळ्या जागेतच होते.

डक्टचे खरे माप मांडा

ड्रॉइंगवर १,००० × ४०० लिहिलेले असते ते पत्र्याचे माप असते. छतात जागा व्यापते ती डक्ट याहून मोठी असते. या डक्टवर २५ मिमी जाडीचे इन्सुलेशन होते, त्यामुळे तिची बाहेरची खोली ४५० मिमी झाली. जिथे दोन तुकडे जोडले जातात, तिथे फ्लँज ३५ मिमी बाहेर येते आणि तिच्यावरही इन्सुलेशन गुंडाळावे लागते, म्हणून त्या जागी पत्र्याच्या वर ६० आणि खाली ६० मिमी धरावे लागतात. डक्टचा इन्सुलेशनसह तळ २,७७५ आणि माथा ३,२२५ होता. फ्लँजपाशी तीच हद्द २,७४० ते ३,२६० अशी होते. ट्रेचा तळ २,९५० वर आणि माथा ३,०२५ वर, म्हणजे ट्रे डक्टच्या जवळजवळ मध्यावर येत होती. थोडे वर-खाली सरकवून सुटेल असा हा क्लॅश नव्हता.

इन्सुलेशन मऊ असते, दहा-वीस मिमी दाबले तर काय बिघडते, असा प्रश्न साइटवर हमखास येतो. मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात फॉल्स सीलिंगच्या वरची हवाही अतिशय दमट असते. आतून गार हवा वाहत असताना जिथे इन्सुलेशन दबून पातळ झाले असेल, तिथे पृष्ठभाग गार पडून त्यावर पाणी सुटते आणि काही दिवसांनी सीलिंगच्या टाइलवर पिवळट डाग दिसू लागतो. ट्रे डक्टला टेकून बांधली, तर हे पाणी ट्रेच्या कडेने उतरते आणि गळती कुठून होते हे शोधणेही अवघड होते. म्हणून दोघांत मोकळे अंतर ठेवण्याची अट मी उत्तरात आकड्याने लिहितो. ‘पुरेसे अंतर’ असे लिहीत नाही.

सुचवलेली वाट प्रामाणिकपणे तपासा

कंत्राटदाराचे म्हणणे असे होते, की १,००० × ४०० आणि १,६०० × २५० या दोन्हींचे क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटरच आहे, मग हवेला काय फरक पडतो? डक्टमधून ताशी ९,००० घनमीटर हवा जात होती, त्यामुळे दोन्ही मापांत वेग सेकंदाला ६.२५ मीटर इतकाच राहतो हे खरे आहे. पण डक्ट चपटी केली, की हवेला घासायला पत्र्याचा पृष्ठभाग जास्त मिळतो. समतुल्य गोल व्यास काढला, तर तो पहिल्या मापाचा सुमारे ६७४ आणि दुसऱ्याचा सुमारे ६२९ मिमी येतो, आणि दर मीटरमागे घर्षण जवळपास ४० टक्क्यांनी वाढते.

येथे नवख्या अभियंत्याला हा ४० टक्क्यांचा आकडा लिहून प्रस्ताव फेटाळण्याचा मोह होतो. तो टाळावा. मूळ घर्षणच दर मीटरला सुमारे ०.७ पास्कल होते आणि चपटा भाग जेमतेम तीन मीटरचा होता, म्हणजे प्रत्यक्ष वाढ १ पास्कलच्याही आत. पंख्याला ती कळणारही नाही. कंत्राटदाराकडे जाणकार माणूस असेल, तर तो हेच गणित करून पाठवील आणि तुमच्या बाकीच्या मुद्द्यांवरचाही त्याचा विश्वास उडेल.

प्रस्ताव न चालण्याची खरी कारणे दुसरी होती. १,००० वरून १,६०० पर्यंत रुंद होताना डक्टला प्रत्येक बाजूला ३०० मिमी फाकावे लागते. हवा पत्र्यापासून सुटू नये म्हणून प्रत्येक बाजूचा कोन १५ अंशांच्या आसपास ठेवला, तर त्या फाकणाऱ्या तुकड्याला सुमारे १.१ मीटर लांबी लागते. एएचयूच्या बाजूला भिंतीपासून व्हॉल्यूम डॅम्परपर्यंत ७०० मिमीच जागा होती. कॉरिडॉरच्या भिंतीतील भोक आणि त्यातील फायर डॅम्पर १,००० × ४०० या मापाचे होते, डॅम्परची ऑर्डर गेलेली होती आणि भोक रुंद करायचे म्हटल्यास वरचा लिंटेल बदलावा लागला असता. शिवाय डक्ट १.२ मीटरहून रुंद झाली, की तिच्याखाली स्वतंत्र स्प्रिंकलर लागतात का, हा प्रश्न अग्निशमन सल्लागाराकडे न्यावा लागतो. आणि एवढे सगळे करूनही डक्टखालून नेलेल्या ट्रेवर हात घालायला जागा राहत नव्हती. फ्लँजचा खालचा काठ २,८९० वर आला असता. ५० मिमी अंतर सोडून ट्रेचा माथा २,८४० वर ठेवला, तर त्या पट्ट्यात केबल वरून ठेवता येत नाही.

एका वाटेने चार शाखांची कामे हलत असतील आणि दुसरीने एकाच शाखेचे, तर दुसरी वाट आधी तपासून पाहावी, असे माझे मत आहे. येथे फक्त ट्रे हलवून भागत होते.

पर्याय मिमीत उतरवा

दोन बीमच्या मधल्या मोकळ्या जागेत स्लॅबचा तळ ३,७७५ वर होता. म्हणून ट्रेने पहिल्या बीमखालून बाहेर पडल्यावर वर चढावे, डक्टच्या वरून जावे आणि पुढच्या बीमच्या आधी पुन्हा मूळ उंचीवर उतरावे, असा विचार केला. डक्टवरून जाताना ट्रेचा तळ ३,३२५ वर ठेवला. फ्लँजच्या ३,२६० पासून ६५ मिमी अंतर राहिले. ट्रेचा माथा ३,४०० वर आला आणि स्लॅबपर्यंत ३७५ मिमी उरले. केबल टाकण्यासाठी ट्रेवर आम्ही ३०० मिमी मोकळे ठेवतो, तेही साधले.

मग बाजूने आडवे गणित करावे लागते, आणि तेच नेमके विसरले जाते. चढ ३७५ मिमीचा होता. ट्रेवरील सर्वांत जाड केबल सुमारे ४४ मिमी व्यासाची, चिलखती, साडेतीन कोअरची होती. अशा केबलची किमान वळणत्रिज्या व्यासाच्या १२ पट धरली, तर ५२८ मिमी येते, म्हणून ६०० मिमी त्रिज्येचे ३० अंशांचे व्हर्टिकल बेंड घेतले. त्यांनी ३७५ मिमी चढण्यास सुमारे ९७० मिमी आडवी लांबी लागते. दोन्ही बाजूंचे मिळून १,९४० आणि डक्टवरील सपाट भाग १,३२० धरला, तर एकूण ३,२६० मिमी होतात. दोन बीमच्या आतल्या बाजूंमधले अंतर ३,९०० मिमी होते. डक्ट अगदी मध्यावर असती, तर प्रत्येक बाजूस ३२० उरले असते. ती २०० मिमी एका बाजूस सरकलेली होती, म्हणून अरुंद बाजूला १२० उरले. काम बसत होते, पण हे गणित केले नसते, तर ते बसते हे कळले नसते. ४५ अंशांचे तयार बेंड वापरले, तर याच त्रिज्येत ते दोन बेंडमध्येच ३५० मिमी चढतात आणि आडवी जागा वाचते, पण केबल ओढताना ताण वाढतो. जागा मिळत असताना मी ३० अंशच पसंत करतो.

हे सर्व कागदावर झाल्यावर विद्युत उपकंत्राटदाराच्या मिस्त्रींना साइटवर दाखवले. ते वर बघत म्हणाले, ‘‘साहेब, ट्रे वर जाईल, पण डक्टच्या वर केबल बसवायला माणसाचा हात कुठून जाणार?’’ प्रश्न रास्त होता. डक्ट मीटरभराहून जास्त रुंदीत खालून वाट अडवते. म्हणून उत्तरात दोन गोष्टी वाढवल्या. डक्टच्या दोन्ही बाजूंना सीलिंगमध्ये ६०० × ६०० मिमीचा उघडता येणारा भाग ठेवणे ही एक, आणि डक्टवरच्या पट्ट्यात केबलचा जोड न घेणे ही दुसरी. त्याच वेळी लक्षात आले, की डक्टचे हँगर रॉड ट्रेच्या वाटेत उतरू शकतात. तेव्हा ट्रेच्या कडेपासून दोन्हीकडे किमान १५० मिमी सोडूनच रॉड घ्यावेत, असेही लिहिले.

उत्तर लिहा

उत्तराच्या पहिल्या वाक्यात निर्णय असावा. कारणे नंतर यावीत, कारण साइट इंजिनिअर फोनवर पहिल्या चार ओळीच वाचतो. आम्ही पाठवलेल्या उत्तराचा आशय असा होता:

> आपल्या आरएफआय-०४७ च्या संदर्भात, सातवा मजला, ग्रिड ४ व ५ मधील कॉरिडॉर.
>
> डक्टचे माप व उंची ड्रॉइंगप्रमाणेच ठेवावी. केबल ट्रे ग्रिड ४ व ५ मधील दोन बीमच्या दरम्यान वर घेऊन डक्टच्या वरून न्यावी. या भागात ट्रेचा तळ एफएफएल +३,३२५ मिमी असावा. चढ-उतारासाठी ६०० मिमी त्रिज्येचे ३० अंशांचे चार व्हर्टिकल बेंड वापरावेत. ट्रे व डक्ट यांच्यात, फ्लँज व इन्सुलेशन धरून, किमान ५० मिमी मोकळे अंतर राहिले पाहिजे. ट्रे कोणत्याही ठिकाणी डक्टवर टेकवू नये. डक्टचे हँगर ट्रेच्या कडेपासून किमान १५० मिमी दूर घ्यावेत. डक्टवरील भागात केबलचा जोड घेऊ नये. डक्टच्या दोन्ही बाजूंना सीलिंगमध्ये ६०० × ६०० मिमीचा उघडता येणारा भाग ठेवावा.
>
> डक्ट १,६०० × २५० मिमी करण्याचा आपला प्रस्ताव स्वीकारलेला नाही. त्यासाठी भिंतीतील भोक, फायर डॅम्पर व स्प्रिंकलरची मांडणी बदलावी लागेल आणि एएचयूच्या बाजूस डक्टचे माप बदलण्यास पुरेशी लांबी नाही.
>
> आपण नोंदवलेली मापे उघड्या स्लॅबपासूनची असल्याचे दूरध्वनीवर कळले. त्यातून ७५ मिमी वजा करून हे उत्तर दिले आहे. काम सुरू करण्यापूर्वी बीमचा तळ एफएफएल +३,३१० आणि या बीमदरम्यान स्लॅबचा तळ एफएफएल +३,७७५ असल्याची खात्री करावी. १० मिमीहून अधिक फरक आढळल्यास काम थांबवून कळवावे.
>
> सोबत रेखाटन जोडले आहे. विद्युत व सीलिंगची ड्रॉइंग पुढील रिव्हिजनमध्ये दुरुस्त होतील. या बदलामुळे खर्च अथवा मुदतीवर परिणाम होतो असे आपले मत असल्यास, करारातील तरतुदीनुसार काम सुरू करण्याआधी लेखी कळवावे.

शेवटच्या वाक्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे. नवखे अभियंते अनेकदा सदिच्छेने ‘यात जादा खर्च नाही’ असे लिहून टाकतात, किंवा घाबरून ‘जादा खर्च मान्य’ असेही लिहितात. आरएफआयचे उत्तर हे तांत्रिक खुलासा असते, जादा कामाचा आदेश नसतो. चार बेंडचा खर्च कोणी सोसायचा हे करारातील समन्वयाच्या जबाबदारीवर ठरते आणि तो निर्णय डिझाइन अभियंत्याच्या टेबलावर होत नाही. आपण मार्ग मोकळा ठेवावा आणि आपल्याकडे नसलेला अधिकार वापरू नये.

तसेच, ट्रे कशी उचलावी, मचाण कुठे लावावे, आधी कोणी काम करावे, हे लिहिण्याच्या भानगडीत पडू नये. ती कंत्राटदाराची कार्यपद्धती असते. परिणाम काय असला पाहिजे, एवढेच सांगावे.

पाठवल्यानंतर

उत्तर पाठवण्यापूर्वी विद्युत, वास्तुरचना आणि अग्निशमन या तिन्ही शाखांकडून ईमेलवर ‘हरकत नाही’ असे मिळवावे. आमच्या प्रकरणात सीलिंगच्या उघडत्या भागांवर वास्तुरचनाकारांनी एक दिवस घेतला, कारण एका ठिकाणी दिवा येत होता. दिवा एका टाइलने सरकला आणि उत्तर करारातील सात दिवसांच्या मुदतीत गेले.

मजला सातवा असला, तरी तीच रचना वरच्या मजल्यांवर पुन्हा येत होती. म्हणून आम्ही आठव्या आणि नवव्या मजल्यावरील बीमचे तळही मोजून मागवले. नवव्यावर कॉरिडॉर ओलांडणारी डक्ट दोन बीमच्या मध्यापासून ४०० मिमी सरकलेली निघाली. ३० अंशांच्या बेंडने तिथे एका बाजूला ८० मिमी लांबी कमी पडत होती, म्हणून त्या मजल्यासाठी ४५ अंशांचे बेंड देऊन वेगळे रेखाटन पाठवले.